गच्चीची गळती आणि पहिला फोन : वॉटरप्रूफिंगच्या कामाची व्याप्ती ठरवणारे प्रश्न

मुंबईच्या उपनगरांत पाऊस ओसरला आणि दिवाळी जवळ आली की गृहनिर्माण संस्थांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो, कारण गच्चीवरचे काम कोरड्या हवेत करावे लागते आणि पुढच्या जूनच्या आत ते पुरे व्हावे लागते. या काळात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या संस्थेचे सेक्रेटरी वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला पहिला फोन करतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : गच्ची गळते, तर चौरस फुटाला दर काय पडेल? या प्रश्नाला लगेच आकडा सांगणारा ठेकेदार तत्पर वाटतो. परंतु पुढे काम अर्ध्यावर अडणे, ‘हे आमच्यात धरलेले नव्हते’ असे वाद होणे आणि पुढच्या पावसात तोच डाग पुन्हा उमटणे या तिन्ही गोष्टींचे मूळ अनेकदा त्या घाईच्या आकड्यात असते. पहिल्या संभाषणाचे खरे प्रयोजन कामाची व्याप्ती, म्हणजे काय करायचे, कुठपर्यंत करायचे आणि काय करायचे नाही याची सीमा, निश्चित करणे हे आहे.

त्यातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पाणी केव्हा दिसते हा आहे. ओल बाराही महिने असेल तर ती पावसाची नव्हे, हे जवळजवळ गृहीत धरता येते. अशा वेळी वरच्या सदनिकेचे न्हाणीघर, भिंतीत गाडलेली नळवाहिनी किंवा गच्चीवरील पाण्याची टाकी यांच्याकडे पाहावे लागते. टाकी भरण्याच्या वेळेनंतरच ओल वाढत असेल तर संशय टाकीवर किंवा तिच्या ओसंडणाऱ्या पाइपवर जातो. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल, तर पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ती दिसते आणि पाऊस थांबल्यावर किती दिवस टिकते, हे विचारणे आवश्यक ठरते. वाऱ्यासह सर आली की तासाभरात भिंत भिजते आणि पाऊस थांबताच वाळू लागते, असे उत्तर आले, विशेषतः ती भिंत पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असलेली असली, तर दोष बाहेरच्या भिंतीच्या भेगांत, खिडकीच्या चौकटीभोवती किंवा छज्ज्यात असण्याचा संभव मोठा असतो. याउलट छताच्या मध्यभागी दिवसभराच्या पावसानंतर डाग उमटतो आणि ऊन पडल्यावरही चार-सहा दिवस पाणी ठिबकत राहते, असे सांगितले गेले तर पाणी कोब्यात साठून राहिले आहे असे समजावे. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून, पाणी वाहून जाईल असा ढाळ देऊन केलेला थर. तो तडकला की पाणी आत शिरते, विटा ते धरून ठेवतात आणि स्लॅबच्या एखाद्या कमजोर जागेतून ते सावकाश खाली उतरते. म्हणूनच खोलीतील डागाच्या नेमके वर दोष सापडेलच असे नसते आणि ‘तेवढा भाग करून द्या’ ही मागणी तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही.

या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ग्राहक कोण हेही ठरते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची, गच्चीतून होणारी आणि सामायिक वाहिन्यांतून होणारी गळती दुरुस्त करणे संस्थेच्या खर्चात येते, तर सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सदस्याच्या खर्चात येते. वरच्या मजल्यावरील रहिवाशाने फोन केला असेल आणि गळती गच्चीची असेल, तर ठेकेदाराचा व्यवहार संस्थेशी व्हायला हवा. संस्थेने फोन केला असेल आणि गळती न्हाणीघराची असेल, तर वरच्या सदस्याची संमती आणि त्याची पैसे देण्याची तयारी यांवाचून हातोडीही उचलता येत नाही.

दुसरा प्रश्न छत खालून कसे दिसते याविषयी असावा. केवळ रंग फुगला आहे, पांढरी क्षारांची बुरशीसारखी भुकटी आली आहे, की प्लास्टर पडून आतील सळ्या दिसत आहेत? सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरेच जास्त असल्यामुळे तिच्यावरचे काँक्रीट फुगून सुटते. त्या अवस्थेत वरून पाणी अडवले तरी आधीच झालेले नुकसान भरून येत नाही, आणि ते काम वॉटरप्रूफिंगचे न राहता संरचनेच्या दुरुस्तीचे होते. यालाच जोडून इमारतीचे वय आणि शेवटचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अधिकृत संरचना अभियंत्याने केलेली इमारतीच्या मजबुतीची तपासणी, केव्हा झाले हे विचारावे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची अशी तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतींची दर ३ वर्षांनी व्हायला हवी. उपनगरांतील १९७० आणि १९८० च्या दशकांतील असंख्य इमारती या दुसऱ्या वर्गात मोडतात. सळ्या उघड्या पडल्या असून तपासणीचा अहवाल नसेल, तर प्रामाणिक ठेकेदाराने दर सांगण्याचे थांबवून आधी अभियंत्याकडे जाण्यास सुचवावे. तो ग्राहक त्या दिवशी हातचा गेला तरी चालेल.

तिसरा प्रश्न गच्चीवर आज काय आहे हा आहे, आणि खर्चातील सर्वांत मोठी तफावत याच ठिकाणी दडलेली असते. मूळचा कोबा आहे का, त्यावर चायना मोझॅक, म्हणजे चिनीमातीच्या तुकड्यांचा थर, आहे का, नंतर कोणी डांबरी पट्टे किंवा रासायनिक लेप लावले आहेत का, आणि मुख्य म्हणजे जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवलेला आहे का? उदाहरणादाखल मुलुंडमधील एका सात मजली इमारतीची गच्ची ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे असे मानले, तर सेक्रेटरी फोनवर ‘चोवीसशे फूट’ असे सांगतील आणि ते चुकीचेही नाही. मात्र पाणी केवळ जमिनीवरून शिरत नाही. ते कठड्याच्या आतील बाजूने, कठडा आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून आणि जिन्याच्या डोक्यावरील खोलीच्या छतातूनही शिरते. कठड्याचा घेर २०० फूट आणि उंची साडेतीन फूट धरली तर आतील पृष्ठभाग ७०० चौरस फूट होतो. जिन्याची खोली आणि टाकीचा माथा मिळून ३०० चौरस फूट धरले, तर एकूण काम ३४०० चौरस फुटांवर जाते. चोवीसशेवर दिलेला ठोक भाव इथेच कोसळतो, आणि मग एक तर कठडा वगळला जातो किंवा भांडण होते. कोपऱ्यात मसाल्याची गोलाई देऊन केलेला ‘वाटा’ दरात धरला आहे की नाही, हेही म्हणूनच आधी बोलून घ्यावे लागते.

त्याच गच्चीवरील कोबा सरासरी साडेचार इंच जाडीचा असला आणि तो काढायचा ठरला, तर सुमारे ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास माल निघतो. १०० घनफुटांचा एक ब्रास असे बांधकामातील माप आहे. तोडल्यावर तो सैल होऊन १२ ते १३ ब्रास भरतो आणि त्याचे वजन ४५ ते ५० टनांच्या घरात जाते. ३५ किलोची एक गोणी धरली तर तेराशेच्या आसपास गोण्या सात मजले खाली उतरवाव्या लागतात. लिफ्टमधून डेब्रिज नेण्यास बहुतेक संस्था मनाई करतात आणि ते रास्तही आहे. तेव्हा जिना वापरायचा की बाहेरून दोर आणि कप्पीने उतरवायचे, खाली ते किती दिवस ठेवता येईल, आवारात उभ्या असणाऱ्या गाड्या हलवता येतील का, घाटकोपरसारख्या भागातील अरुंद गल्लीत ट्रक शिरेल का, काम करण्याची परवानगी किती ते किती वाजेपर्यंत आहे आणि महापालिकेने ठरवलेल्या जागी मलबा टाकण्याचा खर्च कोणाचा, हे प्रश्न दुय्यम वाटले तरी मजुरीचा मोठा हिस्सा त्यांवरच अवलंबून असतो.

हे सारे टाळण्यासाठी ‘जुन्या कोब्यावरच नवा करा’ असा आग्रह संस्थेकडून होतो. साडेचार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोंहून अधिक भरते, तर ये-जा असलेल्या गच्चीसाठी माणसांचा व सामानाचा जो भार भारतीय मानकांत धरला जातो तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजेच दुसरा थर चढवणे हे मानकांत धरलेला तो सगळा भार गच्चीवर कायमचा ठेवण्यापेक्षाही जड ठरते, आणि जुन्या इमारतीबाबत अभियंत्याच्या लेखी संमतीखेरीज ते करणे धोक्याचे आहे. गच्चीवर सौर पॅनेल, मोबाइल टॉवर, डिश अँटेना किंवा कुंड्या असतील तर त्या कोण हलवणार आणि पत्र्याची शेड असेल तर तिचे खांब स्लॅबमध्ये कुठे रोवले आहेत, हेही विचारून ठेवावे. त्या खांबांच्या बुडाशी गळती वारंवार आढळते.

पाण्याचा प्रश्न अनेकदा विसरला जातो. कोबा किमान आठवडाभर पाणी धरून ठेवून पक्का करावा लागतो आणि शेवटी गच्चीची तोंडे बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ ते ७२ तास उभे ठेवून खालचे छत तपासावे लागते. चोवीसशे चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे ४०० घनफूट, अर्थात अकरा हजार लिटरांहून अधिक. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात असताना संस्था एवढे पाणी देऊ शकेल की टँकर मागवावा लागेल, हे आधी ठरले नाही तर घाई होते आणि चाचणी न करताच बिल सादर केले जाते.

व्यवहाराच्या बाजूने निर्णय कोण घेणार हे स्पष्ट करून घेणे पुरेसे असते. व्यवस्थापन समितीला स्वतःच्या अधिकारात करता येणाऱ्या खर्चाला उपविधींनी मर्यादा घातली आहे. त्यापलीकडे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. त्यामुळे सभा केव्हा आहे, किती कोटेशने मागवली आहेत, अभियंता नेमला आहे का आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर होणार की ठोक, हे विचारावे. दर जीएसटीसह की वगळून, तेही याच वेळी सांगावे. हमीविषयी बोलताना वर्षांच्या संख्येपेक्षा हमी कशाची हा मुद्दा मोठा आहे : बाहेरच्या भिंतीचे काम दिलेले नसेल तर भिंतीतून येणाऱ्या पाण्याची जबाबदारी गच्चीच्या हमीत येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

फोनवरील उत्तरे कितीही काळजीपूर्वक घेतली तरी स्थळपाहणीला पर्याय नाही; उत्तर देणाऱ्याने गच्ची गेल्या पावसानंतर पाहिलेलीच नसते, असेही घडते. म्हणून खालच्या छताचे आणि संपूर्ण गच्चीचे छायाचित्र मागवावे आणि त्याच दिवशी संभाषणाचा लेखी गोषवारा संस्थेला पाठवावा, ज्यात कठडा, वाटा, जिन्याचे छत, मलबा, पाणी आणि परांची यांपैकी काय धरले आहे व काय धरलेले नाही हे एकेका वाक्यात असेल. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनीही यंदा कोटेशन मागवताना ठेकेदाराने भाव सांगण्याआधी किती प्रश्न विचारले, याची नोंद कोटेशनच्या आकड्याशेजारी करून ठेवावी आणि सभेपुढे दोन्ही मांडावीत.