चेहरा उजळला, हात रापलेलेच राहिले

लग्नसराई संपली की अल्बमची कामं सुरू होतात, आणि दरवर्षी तेच एक वाक्य कानावर येतं. यंदा ते पोशीर गावातल्या एका घरातून आलं. नवरीची आई स्टुडिओत बसली होती, समोर लेकीचा फोटो. कुणीतरी मोबाइलवरच त्यातला चेहरा उजळून दिला होता. गळा आणि हात मात्र जसेच्या तसे होते. त्या म्हणाल्या, "दादा, चेहरा छान आलाय. आता हातपण तेवढेच उजळ करा, म्हणजे जुळेल."

जुळत नाही. कितीदा सांगितलं तरी पटत नाही, म्हणून एकदा नीट लिहितो.

या गैरसमजात दोन चुका आहेत. पहिली अशी की चेहरा, गळा आणि हात यांचा रंग मुळात एकच असतो असं आपण धरून चालतो. तो एक नसतो. आमच्याकडची माणसं राब भाजण्यापासून भातलावणीपर्यंत उन्हातच असतात. बाही जिथे संपते तिथे दंडावर रेघ स्पष्ट दिसते. चेहऱ्याच्या कातडीखाली रक्तपुरवठा जास्त, म्हणून तो हातापेक्षा लालसर. हनुवटीखाली सावली, म्हणून गळा अधिक गडद. माणसांच्या त्वचेच्या रंगाचा अभ्यास करणाऱ्या नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 साली जगभरातल्या मोजमापांचा आढावा घेतला, तेव्हा आधार धरला तो दंडाच्या आतल्या बाजूचा, कारण तिथे ऊन सर्वांत कमी लागतं. एकाच माणसाच्या अंगावर रंग जागोजागी बदलतो हे शास्त्राने गृहीतच धरलं आहे.

दुसरी चूक अशी की रापणं म्हणजे फक्त काळवंडणं असं वाटतं. उन्हाने मेलॅनिन वाढतं तेव्हा त्वचा गडद होते आणि बहुतेकदा पिवळी-तपकिरी झाकही वाढते. म्हणजे फरक दोन आहेत, उजेडाचा आणि रंगाचा. एकाच स्लायडरने दोन्ही भरून निघत नाहीत.

त्या पोशीरच्या फोटोवरच दाखवतो. मी मूळ फोटो मागवला आणि फोटोशॉपमध्ये Color Sampler घेऊन तीन ठिकाणी खुणा ठेवल्या: गालावर, गळ्याच्या पुढच्या भागावर (हनुवटीची सावली टाळून) आणि कोपराखाली हाताच्या बाहेरच्या बाजूला. Sample Size 31 by 31 Average ठेवला, म्हणजे एखाद्या तिळावर किंवा घामाच्या चमकेवर आकडा अडकत नाही. Info च्या खिडकीत Lab निवडलं. यात L म्हणजे उजेड आणि b म्हणजे पिवळेपणा, एवढं कळलं तरी पुरे. तिसरा a हा लालीचा, तो शेवटी बघायचा.

मूळ फोटोत गालाचा L 54 आणि b 21 होता. गळ्याचा 49 आणि 23. हाताचा 45 आणि 25. म्हणजे गाल आणि हात यांत उजेडाचा फरक 9, पिवळेपणाचा 4. हा फरक त्या मुलीचा स्वतःचा आहे, तो कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. मोबाइलवर उजळलेल्या फोटोत गालाचा L 66 झाला आणि b उतरून 15 वर आला. गळा 49 वरच. गाल आणि गळा यांतला पाचाचा फरक सतराचा झाला आणि जबड्याच्या रेषेवर मुखवट्याची कड दिसू लागली.

आता आईंचं म्हणणं मान्य करून बघू. चेहरा 12 ने वाढला, तर हातही Exposure ने 12 ने वाढवला. L झाला 57. उजेडाचा फरक पुन्हा 9 वर आला, म्हणजे मूळ फोटोइतकाच. हिशेब बरोबर, तरी फोटो चुकलेला! कारण Exposure वाढवलं की रंगाची धारही वाढते. हाताचा b 25 वरून 30 च्या आसपास गेला आणि शेजारी चेहरा 15 वर. हात नारिंगी, चेहरा पिठासारखा. Exposure ऐवजी पांढऱ्या रंगाचा पातळ थर चढवला तर उलटं होतं, हात राखाडी पडतो, राख फासल्यासारखा. दोन्ही प्रकार मी दुसऱ्यांच्या अल्बममध्ये पाहिले आहेत आणि दोन्ही बघवत नाहीत.

मग जुळवायचं कसं? आधी चेहरा मागे आणायचा. उजळलेला फोटो मूळ फोटोवर थर म्हणून ठेवून त्याची Opacity मी निम्म्यावर आणली, गाल 60 आणि 18 वर आला. मग मूळ फरक जसेच्या तसे ठेवून बाकीचे आकडे काढले: गळा 55 आणि 20, हात 51 आणि 22. दोन्ही ठिकाणी उजेड फक्त 6 ने वाढवायचा आणि Curves किंवा Hue/Saturation मधून पिवळा-नारिंगी थोडा उतरवायचा. शेवटी लाली बघायची: चेहऱ्याची जेवढी कमी झाली तेवढीच गळ्याची आणि हाताची. सहा पावलं उचलणं सोपं, बारा उचलली की घसरतं. चेहरा निम्म्यावर आणायला घरचे तयार नसतील तर हात कधीच जुळणार नाहीत, हे मी आता आधीच सांगतो.

मुळात ही फूट पडते कशी? मोबाइलचं ब्यूटी मोड चेहरा ओळखतं आणि तिथेच काम करतं, गळा त्याच्या लेखी बऱ्याचदा नसतोच. लाइटरूममध्ये Face Skin आणि Body Skin अशा दोन वेगळ्या निवडी आहेत, घाईत एकच निवडली जाते. आणि Body Skin निवडली तरी नवरीच्या हातावर खरं काम उरतंच. मेंदी त्वचेत धरली जाते आणि विटकी होते. हिरव्या चुड्याच्या मधल्या फटीतून दिसणारं मनगट कधी निवडीत येतं, कधी सुटतं. तिथे ब्रश घेऊन मेंदी वजा करायची आणि फटी हाताने भरायच्या, दुसरा इलाज नाही. कान तर हमखास विसरले जातात. झुमक्यामागे एक गडद कान उभा राहतो आणि सगळं उघडं पाडतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कड मऊ केली की जुळतं म्हणतात, पण मऊ कडेने रेघ लपते, रंगाचा फरक तसाच राहतो. ब्लॅक अँड व्हाइट केलं की फरक जातो म्हणतात, पण रंग गेला तरी उजेडाचा फरक तिथेही दिसतोच. चेहरा पांढराफटक आला की सगळे फोटोग्राफरला धरतात, पण झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन फ्लॅशचा उजेड परत फेकतं आणि ते मेकअपच्या वेळीच ठरलेलं असतं. आणि हळदीने एका दिवसात रापलेपण निघत नाही. वरच्या त्वचेचा थर बदलायला काही आठवडे लागतात.

एवढंच मागणं आहे. अल्बमला फोटो द्याल तेव्हा मोबाइलवर उजळलेला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला देऊ नका. कॅमेऱ्यातला किंवा फोनमधला मूळ फोटो द्या आणि तो पुसू नका. चेहरा, गळा आणि हात यांतला खरा फरक फक्त त्यातच मोजता येतो.