‘उद्या या’ला तारीख नसते

माझ्या भाचीने जूनअखेर बीएस्सीचा निकाल हातात घेतला आणि 1 जुलैला कॉलेजच्या खिडकीवर टीसीचा फॉर्म भरून दिला. हैदराबादला एमएस्सीसाठी तिचा तात्पुरता प्रवेश झाला होता. टीसी आणि मायग्रेशन 14 ऑगस्टपर्यंत देते, असं हमीपत्र तिने तिथे लिहून दिलं होतं. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी पहिल्यांदा सांगितलं, “सोमवारी या.” पुढच्या खेपेला, “साहेब मीटिंगला गेलेत.” त्यानंतर, “सही राहिलीय, उद्या या.” तीन आठवड्यांत तालुक्याच्या गावी पाच चकरा झाल्या.

“मामा, आता भांडायलाच जाऊ का?” तिने फोनवर विचारलं. मी काही वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली आहे. म्हणून तिला उलटा प्रश्न केला, “तू पाच वेळा गेलीस याचा कागद कुठे आहे?” तो नव्हता. फॉर्मची पोचही तिने घेतली नव्हती. म्हणजे कॉलेजच्या लेखी तिने काहीच मागितलं नव्हतं.

हे दोन कागद बरेच जण एकच समजतात. टीसी कॉलेज देतं. हा विद्यार्थी आमच्याकडे अमुक वर्षांपासून शिकत होता आणि आता त्याने कॉलेज सोडलं, एवढंच तो सांगतो आणि त्याची नोंद जनरल रजिस्टरात होते. मायग्रेशन देतं विद्यापीठ. आमचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जायला आमची हरकत नाही, असा त्याचा अर्थ. एकाच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल, तर साधारणपणे टीसी पुरतो. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन लागतं आणि त्याच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी टीसीची प्रत जोडावी लागते. त्यामुळे कॉलेजात टीसी अडला की मायग्रेशनही अडतं. भाचीच्या हातातले सहा आठवडे दोन कार्यालयांत वाटले जायचे होते आणि त्यांतले तीन पहिल्याच खिडकीवर संपले होते.

टीसी लिहायला दहा मिनिटं लागतात. वेळ जातो तो ना-देय दाखल्यात. विद्यार्थ्याकडे काही येणं नाही, असं ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह आणि हिशेब विभाग यांनी सही करून सांगितलं की मगच टीसीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर जातो. एखादी सही राहिली तर फॉर्म त्या विभागाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो. खिडकीवरच्या माणसाला बऱ्याचदा तो कुठे आहे हेच ठाऊक नसतं आणि ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘उद्या या’ म्हणणं त्याला सोपं जातं. त्यामुळे ‘कधी मिळेल’ विचारण्यापेक्षा ‘कशामुळे अडलंय’ हे विचारावं, आणि तेही लेखी.

आम्ही 22 जुलैला पुढचा अर्ज दिला. नाव आणि क्रमांकांच्या जागा इथे मोकळ्या ठेवल्या आहेत.

प्रति,
मा. प्राचार्य, …… महाविद्यालय

विषय : टीसी मिळण्याबाबत व मायग्रेशनचा अर्ज विद्यापीठाकडे पाठवण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. 1 जुलैचा अर्ज.

महोदय,
मी आपल्या महाविद्यालयातून बीएस्सी (रसायनशास्त्र) उत्तीर्ण झाले आहे. कायम नोंदणी क्रमांक ……, अंतिम परीक्षेचा बैठक क्रमांक …… . दि. 1 जुलै रोजी टीसीसाठी अर्ज दिला असून त्यानंतर दि. 7, 10, 14, 17 व 21 जुलै रोजी कार्यालयात आले. अद्याप टीसी मिळालेला नाही. नव्या विद्यापीठात दोन्ही प्रमाणपत्रे देण्याची शेवटची तारीख 14 ऑगस्ट आहे. प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

तरी सात दिवसांत टीसी द्यावा व मायग्रेशनचा अर्ज शिफारशीसह विद्यापीठाकडे पाठवावा. माझ्याकडे काही येणे बाकी असल्यास विभाग, रक्कम व कारण लेखी कळवावे. मी त्याच दिवशी पूर्तता करेन.

आपली विश्वासू,
……

या अर्जात राग नाही, कारण रागावर कार्यवाही करता येत नाही. तारखांवर करता येते. शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत कामाचं. त्यामुळे कार्यालयाला एक तर दाखला द्यावा लागतो किंवा अडचणीचं नाव सांगावं लागतं.

अर्ज खिडकीवर न देता आवक-जावक टेबलावर दिला. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. शिक्का द्यायला कुणी नकार दिला, तर तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवावा आणि कॉलेजच्या ईमेलवरही टाकावा. मग पोस्टाची पावती हीच पोच.

दुसऱ्याच दिवशी कार्यालयीन अधीक्षकांचा फोन आला. फॉर्म रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होता. दुसऱ्या वर्षी भाचीच्या हातून एक ब्युरेट फुटला होता आणि फुटतुटीच्या वहीत तिच्या नावापुढे 180 रुपये बाकी होते. तिला त्याची आठवणही नव्हती. तिने पैसे भरून पावती घेतली आणि दोन दिवसांनी टीसी हातात आला.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. सात दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावं. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल, तर 15 दिवसांत लोकपालांकडे अपील करता येतं. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल, तर माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारावं. त्याला 30 दिवसांची मुदत असते. पण हे आकडे बेरजेला घेतले की कळतं, 14 ऑगस्ट यात सहज निघून जातो. म्हणून तक्रारीसोबतच नव्या विद्यापीठाला मुदतवाढ मागायची आणि शिक्क्याची प्रत जोडायची. उशीर आपला नाही, हे दाखवायला दुसरं काही नसतं.

एक इशारा. काही विषय राहिले असतील, तर मायग्रेशन घेण्याआधी जुन्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारावं. तिथली नोंदणी संपली, तर राहिलेल्या पेपरांचं काय, हा प्रश्न नंतर सोडवणं अवघड जातं.

आणि टीसी हातात आला की खिडकीसमोरच वाचावा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख हे सगळं गुणपत्रिकेशी ताडून पाहावं. भाचीच्या टीसीवर आडनावात एक अक्षर चुकलं होतं. तिने तिथेच दाखवलं आणि भाऊसाहेबांनी अर्ध्या तासात नवा कागद लिहून दिला. त्या दिवशी ते ‘उद्या या’ म्हणाले नाहीत. दुपारी तिने त्याच्या चार झेरॉक्स काढल्या आणि विद्यापीठाची बस पकडली. तिथल्या खिडकीवर मायग्रेशनचा अर्ज देताना तिने पहिल्यांदा पोच मागून घेतली.