मध्येच कुणी ओरडलं तर?

गेल्या आठवड्यात आपल्यातल्या काहीजणींनी विचारलं होतं, की स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्या मुली एकट्या माइकसमोर उभ्या असतात, समोरून कुणी वाह्यात काही बोललं तर त्या काय करतात? रडू येत नाही का? आणि त्यांना तिथल्या तिथे उत्तर सुचतं तरी कसं? आज याच्यावरच बोलूया.

अशा मध्ये तोंड घालण्याला इंग्रजीत हेकलिंग म्हणतात. आपल्याकडे शेरे मारणं, हुर्यो उडवणं असे शब्द आहेत. कॉलेजच्या गॅदरिंगला गेलेल्या कुणालाही ते समजावून सांगायला नको. ‘हेकल’ म्हणजे खरं तर जवसाचे धागे विंचरायची लोखंडी दातांची फणी. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात हे विंचरण्याचं काम करणारे कामगार फार बोलके. एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याला मध्ये मध्ये अडवायचं, अशी त्यांची रीत सांगतात. तिथून हा शब्द सभांमध्ये आला आणि मग नाट्यगृहात.

आता एका बाईची गोष्ट. जो ब्रँड ही इंग्लंडची नावाजलेली विनोदी कलाकार. त्याआधी दहा वर्षं ती मनोरुग्णांची नर्स होती. १९८०च्या दशकात ती पहिल्यांदा रंगमंचावर गेली, तेव्हा तिनं तोंड उघडण्याआधीच एक पुरुष तिच्या जाडेपणावरून शिवी देऊन ओरडायला लागला. ती खाली उतरेपर्यंत तो थांबला नाही. दुसरी एखादी घरी गेली असती ती परत आली नसती. जो ब्रँड मात्र परत गेली. तिचं म्हणणं असं, की वॉर्डात याहून वाईट ऐकायची सवय होती. पण तिनं एक बदल केला. जाडेपणावरचे विनोद ती स्वतःच सुरुवातीला करायला लागली. ओरडणाऱ्याकडे जे एकुलतं एक हत्यार होतं ते तिनं आधीच हातात घेतलं, आणि त्याच्याहून चांगलं चालवलं. तोच पुढे तिच्या कार्यक्रमाचा भाग झाला.

पण ही झाली आधीची तयारी. अचानक आलेल्या शेऱ्याचं काय? एक उदाहरण घेऊ. हे आमच्या मनातलं आहे, पण घडतं असंच.

समजा, पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये एक मुलगी सासूच्या कुकरवरचा किस्सा सांगते आहे. तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ ओरडतात, “तुला स्वयंपाक येतो का?” चारदोन लोक हसतात. मागच्यांना कळतच नाही काय झालं. तिच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत, त्यामुळे तिला माणूस दिसतही नाही.

ती पहिल्यांदा काय करते? तेच वाक्य माइकवर पुन्हा म्हणते. “दादा विचारतायत, स्वयंपाक येतो का.” यानं दोन गोष्टी होतात. मागच्या रांगेलाही प्रश्न कळतो, आणि तिला विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात. शिवाय पाणउतारा शांत आवाजात परत ऐकला की बहुतेक वेळा तो बोलणाऱ्यालाच जरा बावळट वाटतो.

मग ती चिडत नाही, प्रश्न विचारते. “येतो ना. तुम्हाला येतो का, दादा?”

“नाही.”

“मग आज जेवण कुणी केलं?”

“बायकोनं.”

“वहिनी आल्यात का?”

“नाही, घरी आहे.”

“म्हणजे वहिनी घरी, आणि तुम्ही इथे येऊन दुसरीच्या स्वयंपाकाची चौकशी करताय!”

हॉल हसतो. लक्षात घ्या, तिनं पाठ केलेलं काहीच वापरलं नाही. ‘तुझ्यासारखे पुष्कळ पाहिले’ छापाची तयार उत्तरं बऱ्याच जणांच्या खिशात असतात, पण प्रेक्षकाला ती शिळी लागतात. इथे सगळा माल त्या दादांनीच दिला, तिनं फक्त विचारत गेली तर पुरे होतं. आणि ती थांबलीही वेळेवर. अजून दोन वार केले असते तर लोकांना त्या गृहस्थांचीच दया आली असती. पहिल्याच शेऱ्याला फार जोरात मारलं तरी हेच होतं. प्रेक्षक वैतागेपर्यंत थोडी कळ काढावी लागते, मग तेच तिच्या बाजूला येतात.

वीस मिनिटांनी, कार्यक्रम संपताना, ती म्हणते, “घरी जाताना गाड्या हळू चालवा. दादा, तुम्ही तर अगदीच हळू. वहिनींना झोप लागू दे.” जुनी गोष्ट अशी अचानक परत काढण्याला हे लोक कॉलबॅक म्हणतात. आपल्या तमाशातला सोंगाड्याही बतावणीत हेच करतो; शिट्टी मारणाऱ्याला धरून ठेवतो आणि वगात परत त्याच्याकडे येतो.

आता खरं काम दुसऱ्या दिवशी. हे कलाकार स्वतःचा प्रत्येक कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करतात, कारण त्या भरात काय बोललो ते नंतर आठवत नाही. ती बसून ते शब्दाला शब्द लिहून काढते. पण पुढच्या शनिवारी ते दादा नसणार! जशाचं तसं सांगितलं, की “परवा एकानं मला विचारलं,” तर लोक नुसतं ऐकून घेतात. आदल्या दिवशी हसू आलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं म्हणून. आता ते दादा तिला शब्दांनी उभे करावे लागतात: तिसरी रांग, हाताची घडी, परीक्षा घ्यायला आल्यासारखा आवाज. प्रश्न कमी करावे लागतात. ‘तुम्हाला येतो का’ गाळलं तरी चालतं, ‘बायकोनं’ मात्र राहायला हवं, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. मग ओपन माइकला, म्हणजे नवशिके-जुने सगळे पाच-पाच मिनिटं बोलतात तिथे, ते करून बघायचं. कुठे हशा येतो, कुठे येत नाही ते ऐकायचं, परत लिहायचं. असं सात-आठ वेळा झालं की दोन मिनिटांचा पक्का किस्सा तयार.

सगळ्याच शेऱ्यांचं असं होत नाही. दारू प्यालेल्या माणसाशी संवाद चालत नाही, कारण तो उत्तरच ऐकत नाही. कुणी धमकी देत असेल, अंगावर येत असेल, तर ते आयोजकांनी बघायचं. तिनं विनोद करत बसायचं कारण नाही.

आणि काही वेळा ओरडणारा वाह्यात नसतोच. अमेरिकेच्या जोन रिव्हर्स यांच्यावर २०१० साली आलेल्या माहितीपटात असा प्रसंग आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या जोनबाई विस्कॉन्सिन राज्यात कार्यक्रम करत होत्या. त्यांनी हेलन केलर यांच्यावर विनोद केला, तेव्हा एक माणूस ओरडला, की ज्याचा मुलगा बहिरा आहे त्याला हे हसण्यासारखं वाटत नाही. जोनबाईंनी त्याला सडकून उत्तर दिलं, विनोद हा दुःखावर हसण्यासाठीच असतो असंही सुनावलं. प्रेक्षक त्यांच्याच बाजूनं होते आणि कार्यक्रम पुढे रंगला. रंगमंचावरून उतरल्यावर मात्र त्या त्या बापाबद्दल हळवेपणानं बोलल्या.