पार्लरची ताई रजेवर जाते तेव्हा

नोकरदार बाईला 2017च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. स्वतःचं पार्लर चालवणारीला ती नाही. तिची रजा तिलाच उभी करावी लागते, आणि ती आधी वहीत उभी राहते.

समजा, महिन्याला 80,000 रुपये जमतात. त्यातले 45,000 ताईच्या हातचे, 35,000 दोन मुलींच्या कामाचे. भाडं, पगार, वीज मिळून 35,000 आणि मुलींच्या कामाला लागणारं सामान 5,000. म्हणजे ताई घरी बसली की महिन्याला 5,000 खिशातून जाणार. आता 40 टक्क्यांवर एक अनुभवी ब्युटिशियन घेतली आणि ताईचं निम्मं काम तिनं सांभाळलं, तर 22,500 येतील. तिचे 9,000 आणि सामानाचे 3,500 वजा जाता 10,000 उरतात. खड्डा भरून 5,000 घरी येतात. घरखर्चाची बाकी तरतूद मात्र आधीच हवी.

पण गिऱ्हाईक ताईच्या हाताला सरावलेलं असतं. म्हणून नवी बाई दोन महिने आधी यावी, ताई शेजारी उभी असताना तिनं काम करावं. हेअर कलरचं कार्ड प्रत्येकीचं लिहावं: शेड क्रमांक, 20 व्हॉल्यूम डेव्हलपर, 35 मिनिटं, कानामागे खाज आली होती का. हे ताईच्या डोक्यातच राहिलं, तर पहिल्याच महिन्यात रंग चुकतो.

रजेतल्या तारखांच्या नवरीकडून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी मेकअप कोण करणार, हे तिला स्पष्ट सांगा. दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंगला येणारी पाच आठवडे दिसली नाही, तर ताईनं स्वतः फोन करावा.