सव्वा कोटी आणि जर्मन खरेदीवाला

भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यातून मी एका जर्मन गिऱ्हाईकाला नव्या डायचं कोटेशन पाठवलं होतं. खर्च एक कोटी चोवीस लाख पन्नास हजार. कोणालाही लिहिताना लिहितो तसं मी मेलमध्ये लिहिलं:

```
Tooling cost: Rs. 1,24,50,000 (1.24 Cr)
```

दुसऱ्या दिवशी खरेदी विभागातल्या बाईंचं उत्तर आलं. अगदी नम्र, पण प्रश्न दोन. पहिला, तुमच्या आकड्यात एक अंक गळला आहे का? दुसरा, हे क्रेडिट कशाबद्दल देताय?

दोन्ही प्रश्न त्यांच्या बाजूने रास्त होते. पाश्चात्त्य डोळ्याला स्वल्पविरामांमध्ये तीन-तीन अंकांची सवय असते, त्यामुळे आपलं `1,24` त्यांना मोठी संख्या न वाटता टायपिंगची चूक वाटते. आणि हिशेबाच्या इंग्रजीत `Cr` म्हणजे जमेची बाजू. आपल्याही बँकेच्या स्टेटमेंटवर तो तसाच छापलेला असतो, फक्त तिथे आपण त्याला कोटी म्हणत नाही. `L`ची गत याहून वाईट, तो लाख आहे असं बाहेरच्या कोणाच्या मनातही येत नाही. ढाका, काठमांडू, कराची, कोलंबो इथल्या माणसाला लाख-कोटी कळतात, तिथे अडत नाही. पण मेल पुढे कोणाकडे फॉरवर्ड होईल हे आपल्या हातात नसतं.

खरं तर मिलियन आपल्याला परका नाही. लहानपणी एकं, दहं, शतं, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी असं घोकलं, त्यातलं दशलक्ष म्हणजेच मिलियन. पुढे दशकोटीनंतर येणारं अब्ज म्हणजे त्यांचं बिलियन. जागा त्याच आहेत, फक्त आपण मुक्काम लाखाला आणि कोटीला करतो, ते दशलक्षाला आणि अब्जाला. म्हणून मी हल्ली तोंडी गुणाकार-भागाकार करायच्या फंदात पडत नाही. आधी सगळे स्वल्पविराम पुसून संख्या सलग लिहितो, `12450000`, आणि उजवीकडून तीन-तीन अंक मोजत नवे स्वल्पविराम देतो: `12,450,000`. डावीकडच्या पहिल्या स्वल्पविरामापर्यंत आलेले बारा, ते मिलियन. म्हणजे साडेबाराला थोडे कमी मिलियन रुपये.

ताळा हवा असेल तर दोन वाटांनी जाऊन बघावं. कोटीतला आकडा दहाने गुणायचा, लाखातला दहाने भागायचा. १.२४५ कोटींचे १२.४५ मिलियन, आणि १२४.५ लाखांचेही १२.४५ मिलियन. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर दशांश चिन्ह जागेवर आहे. घाईत चूक होते ती नेमकी इथे: लाखाला भागायचं आहे हे डोक्यात बसलेलं असतं आणि हात कोटीलाही भागून मोकळा होतो. मग सव्वा कोटीचे सव्वा लाखाहून थोडे कमी होतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन लगेच होकार कळवतं. संशय यावा तो अशा तत्पर होकारानेच.

माझ्या मेलमध्ये आणखी एक खोट होती, ती त्या बाईंच्या लक्षात आली नाही, माझ्या नंतर आली. कंसातले १.२४ कोटी हा आधीच छाटलेला आकडा होता. त्यावरून १२.४ मिलियन केले असते तर पन्नास हजार रुपये वाटेतच गळाले असते. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमची शीट लाखांत असते, साहेब बोलतात कोटीत, आणि मेल जायचा मिलियनमध्ये. दर टप्प्याला थोडं-थोडं गोल होतं. म्हणून रूपांतर नेहमी पूर्ण रुपयांवरून करायचं. एक्सेलमध्ये त्याला इतकंच लागतं:

```
=B4/1000000
```

एक्सेलचा एक बारकावा मला बराच उशिरा कळला. सेलमध्ये खरी संख्या असेल, तर स्वल्पविराम कुठे दिसायचे हे ज्या-त्या कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. माझ्याकडे `1,24,50,000` दिसणारी फाइल जर्मनीत उघडली की तिथल्या पद्धतीने दिसते. पण तीच शीट पीडीएफ करून पाठवली, किंवा आकडे कॉपी करून मेलमध्ये चिकटवले, की आपली मांडणी तिथेच गोठते. शीटमध्ये सगळं बरोबर दिसत होतं आणि मेलमध्ये घोटाळा झाला, असं कोणी म्हणालं की मी आधी पीडीएफ मागतो.

जर्मनीची गंमत अजून पुढे आहे. तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांसाठी टिंब, म्हणजे आपल्या नेमकं उलट. मी अचूकपणाच्या हौसेने `12.450 million` लिहिलं, तर जर्मन डोळ्याला ते बारा हजार चारशे पन्नास मिलियन दिसू शकतात, कारण टिंबानंतर तीन अंक आले की तो हजारांचा गट वाटतो. `12.45` लिहिलं की तो धोका नाही, दोन अंकांचा गट हजारांचा असूच शकत नाही. तेव्हा टिंबानंतर तीन अंक कधीही ठेवायचे नाहीत. `M` हे एकाक्षरी रूपही मी टाळतो, कारण जुन्या हिशेबी रिवाजात `M` म्हणजे हजार आणि `MM` म्हणजे मिलियन असं लिहिणारे आजही भेटतात. अख्खा शब्द टाइप करायला असे किती कष्ट पडतात?

रक्कम शंभर कोटींच्या वर गेली की बिलियनची वेळ येते. आमच्या कारखान्यात ती अजून आलेली नाही. पण जर्मनमध्ये शंभर कोटींना मिलियार्ड म्हणतात आणि त्यांचं बिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी. ब्रिटनच्या सरकारी आकड्यांतसुद्धा बिलियनचा अर्थ हजार मिलियन असा पक्का झाला तो १९७४ साली, हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना. जिथे शंका असेल तिथे हजार मिलियन म्हणावं.

राहिला चलनाचा प्रश्न. `Rs` आपला एकट्याचा नाही, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ, मॉरिशस सगळ्यांचे रुपये आहेत, म्हणून `INR`. शिवाय नुसतं मिलियन म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात डॉलर किंवा युरोच येतात. कोटीचे मिलियन करणं आणि रुपयांचे युरो करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, एकाच उडीत दोन्ही करायला गेलं तर चूक कुठल्या पायरीवर झाली ते शोधता येत नाही. आधी रुपयांतच मिलियन करायचे, मग दर लावायचा, आणि दर कोणत्या तारखेचा तेही लिहायचं. समजा दर नव्वद धरला, तर १२.४५ मिलियन रुपयांचे सुमारे १,३८,००० युरो होतात.

त्या बाईंना मी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

```
Tooling cost: INR 12,450,000, i.e. INR 12.45 million
(approx. EUR 138 thousand at 1 EUR = 90 INR, rate of today)
The amount in INR is binding.
```

शेवटची ओळ माझ्या साहेबांनी घालायला लावली. युरोचा आकडा फक्त अंदाजासाठी, बिल रुपयांतच. तासाभरात होकार आला, आणि या वेळी मी तो पाहून घाबरलो नाही. कारखान्याच्या आतल्या मेलमध्ये मात्र मी अजूनही सव्वा कोटीच म्हणतो. मॅडमना मिलियन सांगितले तर त्या आधी कॅल्क्युलेटर मागतात.