सायरन वाजत होता, एवढेच पुरे नाही

रुग्णवाहिका चालवून घर चालविणाऱ्या बांधवांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा लेख आहे. पेशंट घेऊन धावताना गाडीची टक्कर झाली, की त्याच रात्री ड्रायव्हरला कागद पुढे करून सांगितले जाते, 'काय झाले ते लिहून दे.' घाबरलेला माणूस लिहून जातो, 'मी सायरन वाजवीत चाललो होतो, समोरचा मध्ये आला, माझी चूक नाही.' सही करतो आणि मोकळा होतो. पुढे पोलीस, विमा कंपनी आणि कोर्ट हाच कागद वाचतात, आणि ज्या गोष्टींवर निकाल लागायचा त्यांतली एकही त्यात सापडत नाही. म्हणून हा रिपोर्ट कसा लिहावा, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट सायरनची. सायरन वाट मागतो. वाट मिळाली की नाही, हे पाहणे ड्रायव्हरकडेच राहते. वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. पण २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांनी रुग्णवाहिकेला लाल सिग्नल ओलांडण्याची जी मोकळीक दिली आहे, ती स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुरेशी काळजी घेऊनच वापरायची आहे. म्हणजे सिग्नल तोडला हा गुन्हा ठरला नाही, तरी चौकात न पाहता घुसला हा ठरू शकतो.

याचे कारण रस्त्यावरच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. काचा बंद करून एसी लावलेल्या मोटारीत सायरन उशिरा ऐकू येतो. ऐकू आल्यावर तो कोणत्या बाजूने येतो आहे हे समजायला आणि ब्रेकवर पाय जायला आणखी एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात रुग्णवाहिका चौकात पोहोचलेली असते.

सायरन ऐकला, वाटही मिळू लागली, तरी अपघात होतो. २० जुलै २०२२ रोजी कर्नाटकात बैंदूरजवळच्या शिरूर टोलनाक्यावर हेच घडले. होन्नावरहून पेशंट घेऊन रुग्णवाहिका येत होती. नाक्यावरचे कर्मचारी धावत जाऊन वाटेतले अडथळे उचलीत होते. पावसाने रस्ता ओला होता. ब्रेक लागताच गाडी घसरून फिरली आणि नाक्याच्या केबिनवर आदळली. पेशंटसह चौघे गेले. म्हणून रिपोर्टात 'सायरन चालू होता' एवढे न लिहिता सायरन कोठून चालू केला, वरचा दिवा चालू होता काय, चौकाआधी वेग किती उतरवला आणि रस्ता ओला होता की कोरडा, हे लिहावे.

दुसरी गोष्ट मार्गाची आणि वेळेची. ३१ जुलै २०२५ रोजी झाडाची फांदी अंगावर पडून जखमी झालेल्या एका भगिनीला पालघरहून रुग्णवाहिकेने मुंबईला नेत होते. महामार्गावरच्या कोंडीत तास गेले. अखेर तिला मीरा रोडच्या एका रुग्णालयात न्यावे लागले, पण तोवर तिचा जीव गेला होता. तेथे टक्कर झाली नव्हती, नुसता वेळ गेला होता. टक्कर होते तेव्हाही कोंडीत किती वेळ गेला आणि टकरीने किती गेला, हे वेगळे दिसले नाही तर सगळा उशीर ड्रायव्हरच्या माथी येतो.

आता एक उदाहरण घेऊ. हे आम्ही समजावण्यासाठी रचलेले आहे. भाईंदर पश्चिमेच्या टेंभा रुग्णालयातून छातीत दुखणारा पेशंट कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे शताब्दीत, न्यायचा आहे. रिपोर्ट असा होईल :

'रात्री ९.१० ला निघालो. सायरन व दिवा गेटपासून चालू. रेल्वेवरच्या पुलाने पूर्वेला आलो. पुढे काशिमीरा, दहिसर नाका असे जायचे होते. ९.२२ ला गोल्डन नेस्ट चौकात आलो. सिग्नल लाल होता. वेग अंदाजे २० पर्यंत उतरवला. उजवीकडची बस थांबली. बसच्या पलीकडून आलेली रिक्षा मला दिसली नाही. ती गाडीच्या उजव्या पुढच्या दाराला लागली. रस्ता ओला होता. रिक्षावाल्याच्या हाताला लागले.'

या रिपोर्टात कोणाला दोष नाही, सफाईही नाही. 'दिसली नाही' हे खरे असेल तर तेच लिहावे. थांबलेल्या बसच्या आडून दुसरे वाहन येणे हा चौकातला नेहमीचा धोका आहे आणि तपास करणाऱ्यालाही तो ठाऊक असतो. वेळ फोनवरून किंवा गाडीच्या नोंदीतून घ्यावी. वेग आठवणीतला असेल तर 'अंदाजे' लिहावे, कारण गाडीत जीपीएस असले तर आकडा ताडून पाहिला जातो. जागाही नेमकी हवी. दहिसर नाक्याच्या अलीकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे, पलीकडे मुंबई पोलीस. 'नाक्याजवळ' एवढेच लिहिले तर पंचनामा कोणी करायचा येथूनच घोळ सुरू होतो.

तिसरी गोष्ट पेशंटची. पेशंट पुढे दगावला तर प्रश्न येतो : आजाराने, टकरीने की उशिराने? याचे उत्तर देणे ड्रायव्हरचे काम नाही. 'पेशंट ठीक होता' असे त्याने स्वतःच्या मनाने लिहू नये. मागे बसलेल्या डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांच्या टकरीपूर्वीच्या व नंतरच्या नोंदी कराव्यात आणि त्यांची प्रत रिपोर्टाला जोडावी. ड्रायव्हरने पाहिले ते लिहावे : स्ट्रेचरचे पट्टे बांधलेले होते, ऑक्सिजनची नळी निसटली व लगेच लावली, पेशंट बोलत होता. शिवाय तीन वेळा टिपाव्यात : टक्कर केव्हा, दुसऱ्या गाडीत केव्हा हलविले, रुग्णालयात केव्हा पोहोचलो. आमच्या उदाहरणात त्या ९.२२, ९.३७ आणि १०.१५ धरू. म्हणजे टकरीने गेलेला वेळ पंधरा मिनिटे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

टक्कर होताच कागदाच्या आधी करायचे ते असे. १०८ ला किंवा आपल्या मालकाला फोन करून दुसरी गाडी मागवावी आणि जखमी झालेल्या दुसऱ्या माणसाच्याही उपचाराची सोय करावी. कायद्याच्या १३४ व्या कलमाने ही जबाबदारी ड्रायव्हरवर आहे. जमाव खवळल्यामुळे तेथे थांबणे शक्य नसेल, तर तीच सवलत त्याच कलमात आहे. मग सरळ पोलीस ठाणे गाठावे आणि जमावामुळे निघालो हेही लिहावे. जागेवर पोलीस नसल्यास चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर द्यावी लागते. विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते : पॉलिसीचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, जखमींची माहिती, ड्रायव्हरचे नाव आणि लायसन.

कोऱ्या कागदावर किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरावर न वाचता सही करू नये. लिहिलेला रिपोर्ट देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा आणि रुग्णवाहिका चालविणाऱ्याच्या पत्नीने वा मुलाने तो जपून ठेवावा. खटला उभा राहायला वर्षे लागतात. तोवर चौकातली बस आणि तिच्यामागची रिक्षा ड्रायव्हरला नीट आठवणार नाही. त्या रात्री लिहिलेला कागदच ती आठवून देईल.