हिब्रू कथनातील शब्दक्रमबदल आणि मराठी अनुवाद : उत्पत्तीच्या ग्रंथातील काही वाक्यांच्या आधारे

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ एक ख्रिस्ती वसाहत वसविली आणि तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. हे नाव हिब्रू आहे. ‘बेथ’ म्हणजे घर आणि ‘एल’ म्हणजे देव. जालना परिसराला हिब्रू शब्दाचा परिचय असा झाला. मात्र मराठी भाषा आणि हिब्रू यांचा संबंध याहूनही जुना आहे. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून मांडली. 1846 मध्ये मुंबईत बेने इस्राएल समाजासाठी हग्गादा मराठी अनुवादासह छापली गेली. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथे मूळ भाषांच्या अभ्यासातून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

मूळ हिब्रूतून मराठीत येताना शब्दांचे अर्थ कोशात सापडतात, परंतु शब्दांच्या क्रमाचा अर्थ कोशात सापडत नाही. हिब्रू कथाकार एखादा शब्द क्रियापदाच्या आधी आणून वाचकाला खूण करतो. ही खूण कशी ओळखावी आणि मराठीत ती कोणत्या साधनाने दाखवावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिब्रू कथनाचा नेहमीचा क्रम

बायबलमधील हिब्रू कथन एका विशिष्ट क्रियारूपाच्या आधारे पुढे सरकते. अभ्यासक त्याला ‘वय्यिक्तोल’ म्हणतात. या रूपात ‘आणि’ या अर्थाचे ‘व’ हे अक्षर क्रियापदाला थेट जोडलेले असते. त्या दोहोंच्या मध्ये दुसरा कोणताही शब्द येऊ शकत नाही. त्यामुळे असे वाक्य क्रियापदानेच सुरू होते आणि कर्ता व कर्म त्यानंतर येतात. अशी वाक्ये एकामागून एक आली की ‘मग हे घडले, मग ते घडले’ अशी घटनांची साखळी तयार होते.

कथाकाराला कर्ता किंवा कर्म पुढे आणायचे असेल तर ‘व’ त्या शब्दाला जोडला जातो. मग क्रियापदाला ‘वय्यिक्तोल’ रूप घेता येत नाही आणि सामान्यतः ‘कातल’ हे पूर्णत्वदर्शक रूप येते. म्हणजे वाचकाला दोन खुणा एकाच वेळी मिळतात : शब्दाची जागा बदलते आणि क्रियापदाचे रूपही बदलते. हिब्रूचा मूळ क्रम कर्ता–क्रियापद असाच होता, असे रॉबर्ट होल्मस्टेड यांच्यासारखे काही अभ्यासक मानतात. तथापि कथनाच्या साखळीत क्रियापद प्रथम येते आणि ती साखळी तुटली की काही कारण असते, याबाबत फारसा मतभेद नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वय्यिक्तोल’ रूपाला नकार जोडता येत नाही, म्हणून नकारार्थी वाक्यात ‘कातल’ रूप येणारच. केवळ ‘व’, नकार आणि लगेच क्रियापद एवढेच असेल, तर तो व्याकरणाचा नियम होय. त्यात कोणत्याही शब्दावर विशेष भर नसतो.

मराठीतील अडचण

मराठी वाक्यात कर्ता स्वभावतःच आधी आणि क्रियापद शेवटी येते. हिब्रूत जो कर्ता मुद्दाम पुढे आणला आहे, तो मराठीत आपोआपच पहिल्या जागी बसतो. म्हणून मूळचा क्रम ‘जसाच्या तसा’ ठेवला तरी मराठी वाचकाला काहीही वेगळे जाणवत नाही आणि खूण नाहीशी होते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत भर देण्याची मुख्य जागा वाक्याच्या आरंभी नसून क्रियापदाच्या लगत आधी असते. ‘शिक्षकांनी ग्रंथ जालन्याहून आणला’ या वाक्यात भर ‘जालन्याहून’ या शब्दावर येतो. ‘ग्रंथ जालन्याहून शिक्षकांनी आणला’ असे म्हटले की भर ‘शिक्षकांनी’ या शब्दाकडे सरकतो. आरंभीचा ‘ग्रंथ’ हा केवळ बोलण्याचा विषय ठरतो. त्यामुळे हिब्रूतील पुढे आणलेले कर्म मराठीत आरंभी ठेवले, तर कधीकधी भर भलत्याच शब्दावर पडतो.

मराठीपाशी यासाठी स्वतःची साधने आहेत. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ ही अव्यये, ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे कथनातील शब्द आणि ‘केले होते’ यासारखा पूर्ण भूतकाळ ही त्यांतील प्रमुख होत. कोणते साधन वापरावे हे मूळ वाक्यातील क्रमबदलाच्या कार्यावर अवलंबून असते.

काइन आणि हाबेल : एक सविस्तर उदाहरण

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातील अर्पणाचा प्रसंग पाच लहान वाक्यांत पाहता येतो. पहिले वाक्य नेहमीच्या क्रमाचे आहे. ‘वय्यावे’ म्हणजे ‘आणि आणले’ हे क्रियापद आरंभी आणि त्यानंतर काइन हा कर्ता. दुसऱ्या वाक्यात हाबेल पुढे येतो आणि त्याच क्रियापदाचे रूप ‘हेवी’ असे होते. शिवाय ‘गम हू’, म्हणजे ‘तोही’, असे शब्द जोडलेले आहेत. तिसऱ्या वाक्यात पुन्हा नेहमीचा क्रम आहे : क्रियापद, परमेश्वर, मग ‘हाबेलाकडे व त्याच्या अर्पणाकडे’. चौथ्या वाक्यात ‘काइनाकडे व त्याच्या अर्पणाकडे’ हे शब्द प्रथम येतात, मग नकार आणि शेवटी क्रियापद. पाचवे वाक्य काइनाच्या संतापाचे असून ते क्रियापदाने सुरू होते. साखळी पुन्हा जुळते आणि कथा पुढे चालू लागते.

चौथ्या वाक्यातील ‘कातल’ रूप नकारामुळे आले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, परंतु ‘काइनाकडे’ हे शब्द पुढे येण्याचे कारण नकार नव्हे. नकार व क्रियापद आधी ठेवून ते नंतरही सांगता आले असते. कथाकाराने ते मुद्दाम पुढे आणले आहेत.

या वाक्यांचे मराठीकरण पुढीलप्रमाणे करता येईल : ‘काइनाने जमिनीच्या उत्पन्नातून परमेश्वरासाठी अर्पण आणले. हाबेलानेही आपल्या कळपातील प्रथम जन्मलेल्यांतून आणले. परमेश्वराने हाबेलाकडे व त्याच्या अर्पणाकडे लक्ष दिले. काइनाकडे व त्याच्या अर्पणाकडे मात्र त्याने लक्ष दिले नाही. काइन फार संतापला.’

येथे ‘ही’ आणि ‘मात्र’ यांच्या जागा महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्या वाक्यात ‘हाबेलाने मात्र’ असे लिहिले, तर काइनाचे अर्पण उणे होते असा निवाडा अनुवादक आधीच देऊन बसतो. मूळ कथा तसे सांगत नाही. तेथे दोन भाऊ केवळ शेजारी उभे केले आहेत आणि ‘तोही’ हा मूळचाच शब्द त्यासाठी पुरेसा आहे. विरोध उभा राहतो तो चौथ्या वाक्यात, देवाच्या प्रतिसादात. म्हणून ‘मात्र’ची जागा तेथेच आहे. तसेच तिसऱ्या वाक्यात ‘हाबेलाकडेच’ असे लिहिणे चुकीचे ठरेल, कारण तेथे हिब्रू क्रम सर्वसाधारण आहे. काइनाचे अर्पण का नाकारले गेले, हा प्रश्न भाष्यकारांनी शतकानुशतके चर्चिला आहे. एका अव्ययाची जागा चुकली तर तो प्रश्न मराठी वाचकासमोर उभाच राहत नाही.

क्रमबदल आणि आधी घडलेली घटना

प्रत्येक क्रमबदल विरोध दाखवीत नाही. याच अध्यायाच्या आरंभी आदाम हा कर्ता क्रियापदाच्या आधी येतो. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी यावरून असा अर्थ लावला की, सांगितलेली घटना एदेन बागेतून बाहेर पडण्यापूर्वीच घडली होती. नेहमीचे क्रियारूप असते तर ती नंतरची ठरली असती, असे त्यांचे म्हणणे आहे. हा अर्थ सर्वांनी स्वीकारलेला नाही. नव्या प्रसंगाचा आरंभ दाखविण्यासाठीही कर्ता असा पुढे येतो.

एकतिसाव्या अध्यायात मात्र संदर्भच निर्णय देतो. लाबान आपल्या चोरीस गेलेल्या कुलदेवतांच्या मूर्ती शोधत राहेलीच्या तंबूत शिरतो. त्यानंतरच्या वाक्यात राहेल हा कर्ता पुढे येतो. ‘राहेलीने मूर्ती घेतल्या’ असा साधा भूतकाळ वापरला, तर बाप तंबूत असताना ती मूर्ती उचलते आहे असा भास होतो. ‘राहेलीने त्या मूर्ती घेऊन उंटाच्या खोगिरात लपविल्या होत्या आणि ती त्यांवर बसली होती. लाबानाने सगळा तंबू चाचपून पाहिला’ असे लिहिले की प्रसंग उलगडतो. येथे आणखी एक अडचण आहे. मूळात लपविणे, बसणे आणि लाबानाचे चाचपणे ही तिन्ही क्रियापदे ‘वय्यिक्तोल’ रूपातच आहेत. पूर्वीची हकीकत कोठे संपली आणि कथा कोठे पुढे निघाली, हे रूपावरून कळत नाही. ‘होती’ कोठे थांबवायचे हे अनुवादकाने प्रसंग पाहून ठरवावे लागते.

जेथे काहीच जोडू नये

पहिल्या अध्यायात देव प्रकाशाला दिवस म्हणतो आणि अंधाराला रात्र. हिब्रूत पहिल्या भागात क्रियापद आधी आहे, तर दुसऱ्या भागात ‘अंधाराला’ हा शब्द पुढे आला आहे. तरीही ‘अंधाराला मात्र रात्र म्हटले’ असे मराठी वाक्य विसंगत वाटते. प्रकाश आणि अंधार येथे परस्परविरोधी वागणूक मिळालेले दोन पक्ष नसून एका जोडीचे दोन भाग आहेत. ‘प्रकाशाला दिवस आणि अंधाराला रात्र’ ही समांतर रचनाच ते काम करते. तकामित्सु मुराओका यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात ‘भर’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाण्याविषयी सावध केले आहे, ते अशा उदाहरणांमुळे पटते.

समारोप

वरील उदाहरणांवरून एक साधी पद्धत निघते. प्रथम क्रियापदाच्या आधी कोणता शब्द आला आहे आणि तो केवळ नकार तर नाही ना, हे पाहावे. मग तो शब्द आधीच्या वाक्यातील कोणत्या शब्दासमोर ठेवला आहे, हे शोधावे. जोडीदार सापडला आणि दोघांबाबतच्या क्रिया उलट असतील तर ‘मात्र’, सारख्या असतील तर ‘ही’ किंवा समांतर रचना योग्य ठरते. जोडीदार सापडला नाही तर घटना आधीची आहे की नवा प्रसंग सुरू होतो आहे, हे तपासावे. पहिल्या स्थितीत ‘होता’ या रूपाचा, तर दुसऱ्या स्थितीत ‘इकडे’सारख्या शब्दाचा उपयोग होतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात यहूदाची कथा संपवून योसेफाकडे वळताना कर्ता असाच पुढे आला आहे, आणि ‘इकडे योसेफाला मिसर देशात नेण्यात आले होते’ या वाक्यात दोन्ही साधने एकत्र येतात. अशा ठिकाणी हिब्रूचा क्रम मराठीत उतरत नाही, परंतु त्या क्रमाने केलेले काम मराठीत उतरते.